सात हजार चारशे तीस की सात हजार तीनशे चाळीस?

पेमेंट रजिस्टरमध्ये एकच रक्कम दोनदा लिहायची पद्धत आहे, एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरी. आकड्याचा एक फराटा बदलला तरी हजारांचा फरक पडतो. अक्षरांत तोच बदल करायचा तर अख्खा शब्द बदलावा लागतो. म्हणून आकड्याला अक्षरांची राखण. पण रजिस्टर स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेतलं, की दोन्ही रकान्यांत नव्या चुका शिरतात. मग दोन्ही जुळत नसतील तेव्हा पहिला प्रश्न असा पडतो, की चूक लिहिणाऱ्याची आहे की वाचणाऱ्याची?

नमुन्यादाखल एका पानावरच्या पाच नोंदी घेऊ. संगणकाने वाचलेले आकडे असे: ४,५६०, ९,८५०, ७,३४०, ६,५००, २,६७५. समोरची अक्षरं अशी: चार हजार पाचशे साठ, एक हजार आठशे पन्नास, सात हजार चारशे तीस, साडेसहा हजार, दोन हजार सहाशे पंच्याहत्तर. पानाच्या तळाशी कारकुनाने बेरीज लिहिली आहे, २२,९२५.

पहिली आणि पाचवी नोंद सरळ जुळते. चौथीही जुळते, पण संगणकाच्या यादीत ‘साडे’ नसेल तर तो अडतो. आपल्याकडे कारकून ‘एक हजार दोनशे पन्नास’ लिहील किंवा ‘साडेबाराशे’ही लिहील. सव्वाशे म्हणजे १२५, पावणेतीनशे म्हणजे २७५, अडीच हजार म्हणजे २,५००. सव्वा, पावणे आणि साडे हे पुढच्या मापाच्या पाव-अर्ध्या हिश्श्याने वाढतात किंवा घटतात. म्हणून सव्वापाचशे म्हणजे ५२५, पण सव्वापाच हजार म्हणजे ५,२५०. त्यातच मराठीत शंभरपर्यंतची नावं एका साच्यातून निघत नाहीत. एकोणऐंशी, एकोणनव्वद असं म्हणत यावं, तर शंभराच्या आधी मात्र नव्याण्णव. त्यामुळे शंभर शब्दांची यादी हातानेच करावी लागते आणि प्रत्येकापुढे त्याची दोन-तीन प्रचलित शुद्धलेखनं. कारकून ‘पंचाहत्तर’ लिहितात, ‘पंच्याहत्तर’ही लिहितात, आणि दोघांचेही पैसे तेवढेच.

आता दुसरी नोंद. आकडा ९,८५० आणि अक्षरं एक हजार आठशे पन्नास. फरक ८,००० निघतो, आणि काय झालं असावं ते हा फरकच सुचवतो. देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो, आणि घाईत लिहिलेला एक देवनागरी नवाच्याही जवळ जातो. एकाचा नऊ झाला की फरक नेहमी ८, ८०, ८०० किंवा ८,००० असाच येतो. देवनागरी चार इंग्रजी आठासारखा दिसतो. तिथे फरक ४, ४०, ४०० असा पडतो. जुन्या वह्यांत एकाच पानावर दोन्ही लिप्यांचे आकडे सर्रास असतात, तेव्हा ही गफलत जास्त. शेवटी ‘/-’ काढायची सवयही नडते. ती तिरकी रेघ एक म्हणून वाचली गेली की ४,५६० चे ४५,६०१ होतात. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांत तरी भरते.

अक्षरं चुकीची वाचली गेली तर फरक वेगळ्याच वळणाचा येतो. ‘सात’चा ‘साठ’ झाला तर फरक ५३. ‘सतरा’चा ‘सत्तर’ झाला तरीही ५३, हा एक गमतीचा योगायोग. तेव्हा फरक ५३ किंवा ५३,००० दिसला, तर आकड्याकडे न जाता आधी शब्द पुन्हा निरखावा.

तिसऱ्या नोंदीत आकडा ७,३४० आहे आणि अक्षरं ७,४३० म्हणतात. फरक ९०. शेजारचे दोन अंक आपसांत बदलले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. चार शतकाच्या घरातून दशकाच्या घरात उतरला तर ३६० जातात, तीन तिकडे चढला की २७० येतात, आणि ९० कमी पडतात. हिशेब लिहिणारे लोक ही खूण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. शून्य गळलं तरी फरक नऊने भागला जातो, म्हणून नऊचा भाग जाणं हा संशय, पुरावा नव्हे. पण संगणक सहसा अंकांची अदलाबदल करत नाही, एका अंकाचा दुसरा करतो. अदलाबदल माणसाच्या हातून होते. तेव्हा इथे बोट कारकुनाकडे जातं.

आता तळाची बेरीज साक्षीला बोलवू. दुसऱ्या नोंदीत १,८५० आणि तिसरीत ७,३४० धरले, तर पाच रकमांची बेरीज बरोबर २२,९२५ येते. म्हणजे दुसऱ्या नोंदीचा निकाल लागला: वहीत १,८५० च होते, संगणकाने ९,८५० वाचले. तिसरीचंही एक अंग उलगडलं, वहीत खरोखरच ७,३४० लिहिलेले आहेत. म्हणून आकडाच खरा, असा निष्कर्ष काढायचा मोह इथे होतो, आणि गाडी इथेच घसरते. कारकुनाने बेरीज केली ती आकड्यांच्याच रकान्याची. आकडा चुकला असेल तर बेरीजही त्याच चुकीसकट जुळणार. वाचणाऱ्याची चूक पकडायला ही बेरीज चालते, लिहिणाऱ्याची पकडायला नाही.

मग अक्षरांचं ऐकावं का? १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १८ सांगतं, की धनादेशासारख्या कागदावर आकडा आणि अक्षरं जुळत नसतील तर अक्षरी रक्कम धरावी. प्रत्यक्षात बँक असा धनादेश बहुधा परतच पाठवते. पण रजिस्टर म्हणजे धनादेश नव्हे, ती झालेल्या व्यवहाराची नोंद आहे, आणि झालेला व्यवहार कलमाने ठरत नाही. त्यासाठी व्हाउचर, पैसे घेणाऱ्याची सही असलेली पावती किंवा बँकेचं पासबुक काढावं लागतं. व्हाउचरवर ७,४३० असतील, तर त्या दिवसाच्या रोख शिलकेत ९० रुपये कमी भरायला हवेत. शिल्लकही तसंच सांगत असेल तर नोंद मिटली. दुरुस्ती मूळ आकड्यावर गिरवून करायची नाही, शेरा लिहून, तारीख घालून करायची.

कधी मात्र एखाद्या ओळीपासून खालची प्रत्येक नोंद चुकायला लागते. अशा वेळी आकड्यांना दोष देऊ नये. बहुतेकदा वरची एखादी अक्षरी रक्कम रकान्यात मावली नाही म्हणून दोन ओळींत उतरलेली असते, किंवा स्कॅन करताना कागद तिरका बसलेला असतो, आणि संगणकाने सहाव्या आकड्यासमोर पाचव्याची अक्षरं आणून ठेवलेली असतात. अक्षरांचा रकाना एक ओळ वर सरकवून पाहावा. धडाधड सगळं जुळलं तर रोग तोच.

हाताने तपासताना मी आकड्यांच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवते, अक्षरांवरून रक्कम वेगळी लिहून काढते आणि मग पट्टी उचलते. आकडा समोर दिसत असला, की डोळा ‘चारशे तीस’लाही ‘तीनशे चाळीस’ वाचून मोकळा होतो. संगणकाचंही तसंच. न वाचता आलेला शब्द त्याने आकड्यावरून भरून घेतला, तर जुळणी शंभर टक्के येते आणि तपासणी मात्र झालेलीच नसते.

असंच मूळ कारकुनाचंही असतं. त्याने अक्षरं व्हाउचर पाहून लिहिली, की शेजारचा स्वतःचाच आकडा पाहून? आकडा पाहून लिहिली असतील, तर ७,४३० च्या व्हाउचरवर दोन्हीकडे ७,३४० च उतरतील, सुबकपणे जुळतील, आणि स्कॅन केलेल्या पानात ते कुणाला दिसणार नाही.