पासबुकचा फोटो शीटमध्ये घेतलात? आता शिल्लक रकान्याला विचारा

पासबुकचा फोटो काढायचा, गुगल लेन्सने त्यातला मजकूर कॉपी करायचा आणि शीटमध्ये पेस्ट करायचा, हे काम आता दोन मिनिटांचं आहे. अडचण पुढे येते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची शाई फिकी असते, पान मध्ये दुमडलेलं असतं, आणि फोनला ३ चा ८ दिसतो किंवा आख्खी ओळच दिसत नाही. शीट मात्र एकदम नीटनेटकी दिसते, त्यामुळे संशयही येत नाही.

बरेच जण मग फोटो आणि शीट शेजारी ठेवून एकेक आकडा वाचत बसतात. चाळीस ओळींनंतर डोळे दगा देतात, आणि मुळात त्याची गरजही नाही. बँकेने प्रत्येक ओळीत शिल्लक छापलेली असते. म्हणजे प्रत्येक ओळीचं उत्तर शेजारीच लिहिलेलं आहे, फक्त गणित जुळतंय का ते बघायचं.

शीटमध्ये A मध्ये तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये नावे (खात्यातून गेलेले), D मध्ये जमा आणि E मध्ये शिल्लक ठेवा. आधी एक साफसफाई करा: आकड्यांमधले स्वल्पविराम आणि शिल्लकेला चिकटलेलं Cr काढून टाका, नाहीतर शीट त्या आकड्याला शब्द समजू शकते आणि #VALUE! दाखवू शकते. दुसऱ्या ओळीत सुरुवातीची शिल्लक असू द्या. मग F3 मध्ये हे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

मागची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, वजा या ओळीची शिल्लक. सगळं बरोबर असेल तर उत्तर ०. ROUND यासाठी, की पैशांच्या दशांशात कॉम्प्युटर कधीकधी ०.०००००००००२ असला फालतू फरक दाखवतो. स्टेटमेंटमध्ये नवीन व्यवहार वर असतील तर मागची शिल्लक खालच्या ओळीत असते, तेव्हा F2 पासून `=ROUND(E3-C2+D2-E2,2)` वापरा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मागची शिल्लक म्हणून पासबुकात छापलेली शिल्लक घ्यायची, आपण काढलेली नाही. आपलीच बेरीज-वजाबाकी खाली नेत गेलात, तर पाचव्या ओळीतली चूक शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत दिसत राहते आणि मूळ ठिकाण सापडत नाही. छापील शिल्लक धरली की चूक जिथल्या तिथे अडकते.

आमच्या गल्लीतल्या बचत गटाचं उदाहरण घेतो. बारा जणी महिन्याला २०० रुपये भरतात, म्हणजे २,४०० जमा. आणि कर्जाचा हप्ता ३,१५०. गटातल्या एका मुलीने पासबुकचे फोटो काढून शीट बनवली होती. तिच्यात जूनची जमा दिसत नव्हती. खजिनदार काकूंच्या वहीत मात्र जूनचे बाराही जणींचे पैसे गोळा केल्याची नोंद होती. बैठकीत कोणी थेट काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या. मी शीट मागवून घेतली आणि F रकाना जोडला:

```
ओळ  तारीख   नावे    जमा    शिल्लक   फरक
2                         12480
3   05/04          2400   14880      0
4   12/04   3150          11780    -50
5   06/05          2400   14130     50
6   14/05   3150          10980      0
7   12/06   3150          10230  -2400
8   30/06     87          10317   -174
```

चार ओळींत फरक आहे, पण चुका तीनच आहेत, आणि तिन्ही वेगळ्या जातीच्या.

ओळ ४ आणि ५ बघा: आधी -५०, लगेच खाली +५०. अशी उलट चिन्हांची जोडी दिसली की जोडीतल्या वरच्या ओळीची शिल्लक चुकीची वाचली गेली आहे असं समजा. ती शिल्लक दोन गणितांत वापरली जाते, एकदा उत्तर म्हणून आणि एकदा पुढच्या ओळीची सुरुवात म्हणून, म्हणून दोनदा दिसते. फोटोत ११,७३० होतं, फोनने ११,७८० वाचलं. नेहमीचा ३ आणि ८ चा घोळ.

ओळ ७ ला जोडीदार नाही. म्हणजे शिल्लक बरोबर आहे; एकतर त्या ओळीची रक्कम चुकली, किंवा तिच्या आधीची ओळ गळाली. फरक ऋण आहे, याचा अर्थ बँकेची शिल्लक आपल्या हिशोबापेक्षा जास्त आहे. रक्कम चुकली असं धरलं तर हप्ता ७५० चा असायला हवा, आणि हप्ता तर ठरलेला ३,१५०. उलट फरक बरोब्बर २,४०० आहे, म्हणजे गटाची एका महिन्याची जमा. फोटो मोठा करून पाहिला तर ०७/०६ ची ओळ पासबुकच्या घडीत, सावलीत बसलेली: जमा २,४००, शिल्लक १३,३८०. पैसे बँकेत वेळेवर गेले होते. तो स्क्रीनशॉट गटाच्या ग्रुपवर टाकला आणि विषय तिथेच मिटला.

ओळ ८ चा फरक १७४, म्हणजे ८७ ची दुप्पट. फरक रकमेच्या दुप्पट आला की रक्कम चुकीच्या रकान्यात गेलेली असते. हे व्याज होतं, ते जमेत हवं होतं. पेस्ट करताना रिकामा रकाना गायब झाला की आकडा डावीकडे सरकतो, त्यामुळे हा प्रकार भरपूर आढळतो.

हाताने टाइप केलेल्या ओळींसाठी हिशेबनीसांची एक जुनी युक्ती आहे. फरकाला ९ ने भाग गेला तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झालेत का ते आधी बघा. ६४० चं ४६० टाइप झालं तर फरक १८० येतो, ९ गुणिले २०. फोन सहसा अंकांची अदलाबदल करत नाही, तो अंकाचा आकार चुकीचा वाचतो. अदलाबदल ही माणसाची खासियत.

नवीन पानाच्या सुरुवातीला मागची शिल्लक पुढे आणलेली असते, बहुतेक वेळा B/F लिहून. ती ओळ खोडू नका. तिथे नावे-जमा रिकामे आणि फरक ० यायला हवा. नाही आला, तर बहुधा मधल्या एखाद्या पानाचा फोटोच काढायचा राहिलाय.

आता या तपासणीतून काय निसटतं ते. तारीख आणि तपशील तर गणितात येतच नाहीत, ते डोळ्यांनीच बघावे लागतात. शेवटच्या ओळीत रक्कम आणि शिल्लक दोन्ही सारख्याच फरकाने चुकले तर फरक ० येतो आणि खाली पकडायला पुढची ओळ नसते, म्हणून शेवटची शिल्लक फोटोशी हाताने जुळवा. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे फेल झालेलं यूपीआय पेमेंट: ५०० गेले, थोड्या वेळाने ५०० परत आले. या दोन्ही ओळी एकाखाली एक असतील आणि दोन्ही गळाल्या, तर शिल्लक जिथे होती तिथेच राहते आणि F रकान्यात सगळीकडे शून्य दिसतं. त्यासाठी प्रत्येक पानावरच्या ओळी मोजा आणि शीटमधल्या ओळींशी ताडून बघा.