तिनाला एक की चाराला एक?

इडलीच्या पिठाचं प्रमाण चार घरांत विचारलं, तर चार उत्तरं मिळतात. कुणी दोन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद घेतं, कुणी तीन वाट्यांना एक, तर चेन्नईहून मुंबईला आलेली शेजारीण चाराला एक सांगते आणि तिच्या इडल्या सगळ्यांत हलक्या असतात. उडीद जास्त घातला की इडली मऊ होते असा आपल्याकडे पक्का समज आहे. मग सर्वांत कमी उडीद घालणाऱ्या बाईची इडली सर्वांत मऊ कशी? या प्रश्नाचं उत्तर कळलं की प्रमाणही कळतं आणि एका घाण्यात किती इडल्या होतील हेही आधी सांगता येतं.

इडलीत तांदळाचं आणि उडदाचं काम वेगवेगळं आहे. तांदूळ इडलीला अंग देतो. उडीद हवा धरून ठेवतो. उडीद भिजवून वाटला की हाताला जो बुळबुळीत चिकटपणा लागतो, तो त्यातल्या एका डिंकासारख्या पिष्टमय पदार्थाचा असतो. तो आणि उडदातली प्रथिनं मिळून वाटताना शिरलेल्या हवेभोवती पातळ पापुद्रे तयार करतात. पुढे पीठ रात्रभर ठेवलं की डाळ-तांदळाबरोबरच आलेले जिवाणू, मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस, कामाला लागतात. ते आम्ल तयार करतात आणि कर्बवायू सोडतात. हा वायू त्या पापुद्र्यांत अडकतो आणि पीठ वर येतं. तांदळाच्या पिठात हे जिवाणू वाढतात, पण वायू धरायला तिथे काहीच नसतं. म्हणून नुसतं तांदळाचं पीठ आंबतं, पण असं फुगत नाही.

उडदाचा हा गुण फार पूर्वीपासून माहीत होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या सुमारे ११३० सालच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘इड्डरिका’ नावाचा पदार्थ आहे. तो उडदाचाच, मिरी, जिरं आणि हिंग घातलेला. त्यात तांदूळ नाही. तांदूळ नंतर आला आणि वाढत वाढत आज पिठाचा तीन चतुर्थांश भाग व्यापून बसला.

आता शेजारणीच्या इडलीकडे वळू. ती अख्खा, साल काढलेला उडीद, म्हणजे बाजारात मिळणारा उडीद गोटा, दगडी वेट ग्राइंडरवर वाटते. दगड सावकाश फिरतो, पीठ तापत नाही आणि अर्धा तास फिरताना त्यात हवा कोंबली जाते. वाटीभर उडदाचं चार-पाच वाट्या फेसाळ पीठ होतं. तोच उडीद मिक्सरमध्ये वाटला तर पातं जोरात फिरतं, भांडं गरम होतं, आपण घाईने पाणी ओततो आणि जेमतेम तीन वाट्या पीठ मिळतं. म्हणजे मोजताना दोघींनी एकेकच वाटी घेतली, पण हवा धरण्याच्या कामाला एकीचा उडीद जवळपास दीडपट आला. मिक्सरवालीला ती तूट जास्त उडीद घालून भरून काढावी लागते. तिनाला एक आणि चाराला एक यांतला फरक बहुतेक वेळा एवढाच असतो.

यावरून एक सरळ हिशेब निघतो. ग्राइंडर असेल आणि उडीद गोटा ताजा असेल, तर चाराला एक. मिक्सर असेल तर तिनाला एक. डाळ फुटकी किंवा जुनी असेल तर अडीचाला एक. दोनाला एक हे प्रमाण इडली रव्याचं आहे. तिथे वाटीत दाण्यांऐवजी रवा मोजला जातो आणि तो वाटायचाही नसतो, भिजवून, पिळून उडदाच्या पिठात मिसळायचा असतो. हेच प्रमाण अख्ख्या तांदळाला लावलं की इडली चिकट होते, वाफेवर फुगते आणि बाहेर काढल्यावर बसते. अनेक घरांत नेमकं हेच घडतं आणि दोष सोड्याला किंवा हवेला दिला जातो.

उडीद नीट वाटला गेला का, हे पाहण्याची एक खूण आहे. वाटीभर पाण्यात त्या पिठाचा लहानसा थेंब सोडावा. तो तरंगला तर हवा पुरेशी आहे. बुडाला तर आणखी वाटायला हवं. मिक्सरवर वाटताना फ्रीजमधलं थंड पाणी वापरावं, तेही दोन-दोन चमचे, आणि भांडं कोमट लागलं की थांबावं. मला विचाराल तर प्रमाणावर वाद घालण्यापेक्षा या थेंबाकडे लक्ष देणं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

तांदळाबद्दल थोडक्यात. इडलीला उकडा तांदूळ लागतो, दुकानात ‘इडली तांदूळ’ म्हणून मिळतो तो जाड, आखूड दाण्याचा. तो आधी उकडून वाळवलेला असल्यामुळे त्याची इडली गार झाल्यावरही कडक होत नाही. कोलमची इडली होते, पण दुपारपर्यंत वाळते. इंद्रायणी घेऊ नये, ती चिकट होते. तांदूळ वाटताना बोटांना बारीक रव्यासारखी कण लागली पाहिजे. त्याउलट उडीद लोण्यासारखा गुळगुळीत हवा.

आता इडल्या किती होतात ते पाहू. समजा रविवारी सकाळी आठ माणसं आहेत आणि प्रत्येकी चार इडल्या धरल्या आहेत. म्हणजे बत्तीस. घरात मिक्सर आहे, तेव्हा प्रमाण तिनाला एक. २०० मिलीची वाटी घेतली तर तिच्यात तांदूळ किंवा उडीद साधारण १६५ ग्रॅम मावतो. तीन वाट्या तांदूळ सुमारे ५०० ग्रॅम आणि एक वाटी उडीद १६५ ग्रॅम घ्यायचा. उडदात अर्धा चमचा मेथी टाकायची. तांदूळ पाच तास भिजवला की स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी पितो. उडीद दोन तासांत दुपटीला येतो. निथळल्यावर दोन्ही मिळून एक किलो भरतं. वाटताना एकूण अडीच वाट्या, म्हणजे अर्धा लिटर पाणी जातं. पीठ झालं दीड किलो. घरच्या नेहमीच्या साच्यात एका इडलीला ४५ ग्रॅमच्या आसपास पीठ बसतं. दीड किलोला ४५ ने भागलं की तेहतीस येतात. भांड्याला चिकटलेलं सोडलं तर बत्तीस. चार ताटल्यांच्या, प्रत्येकी चार खळ्यांच्या इडलीपात्राचे बरोबर दोन घाणे.

लक्षात ठेवायला याहून सोपा आकडा म्हणजे एका इडलीमागे वीस ग्रॅम कोरडा माल. किलोभर तांदूळ-उडदाच्या पन्नास इडल्या. हॉटेलसारखा मोठा साचा असेल तर एका इडलीला ७०-७५ ग्रॅम पीठ जातं आणि त्याच किलोच्या तीस-बत्तीसच होतात. संख्या वाढवायची म्हणून वाटताना पाणी वाढवू नये. पातळ पिठातून वायू निसटतो आणि इडली चपटी होते. डावातून पीठ ओतताना ते धारेने न पडता गोळ्या-गोळ्यांनी पडावं.

संख्येला आणखी एक गोष्ट बाधते. फुगलेलं पीठ डावाने भराभर ढवळलं की रात्रभर जमलेली हवा निघून जाते. पीठ खाली बसतं, खळी भरायला जास्त लागतं, बत्तीसच्या अठ्ठावीस होतात आणि त्याही दडदडीत. पीठ एकदाच, मीठ घालून, आंबवायला ठेवण्याआधी हाताने नीट कालवावं. सकाळी फक्त कडेने अलगद उचलून खळ्यांत सोडावं. आंबवण्यासाठी पाच लिटरचं भांडं घ्यावं, कारण दीड किलो पीठ फुगून तीन लिटरपर्यंत जातं. मे महिन्यात मुंबईत सहा-सात तास पुरतात. डिसेंबरात पुण्यात चौदा-पंधरा तासही लागतात. तेव्हा उडीद वाढवून उपयोग नाही, भांडं गुंडाळून उबेत ठेवावं. पीठ वर येऊन मध्ये खचलेलं दिसलं तर ते जास्त आंबलं. त्याची इडली आंबट आणि बसकी होणार, त्याचे डोसेच करावेत.

प्रमाण चुकलं की काय, ते इडली मोडून कळतं. बोटांना चिकटत असेल आणि मध्ये खोलगट बसली असेल तर उडीद जास्त झाला. कोरडी, भेगाळलेली, भुगा होणारी असेल तर उडीद कमी पडला किंवा नीट वाटला गेला नाही. दुसऱ्या बाबतीत पुढच्या वेळी आधी वाटणं सुधारावं. तेवढ्याने जमलं नाही तर मगच उडीद वाढवावा.

डोशाचं गणित थोडं निराळं आहे, कारण डोशाला उंची नको, तव्यावर पसरणं आणि कुरकुरीतपणा हवा. तिथे तांदळातला निम्मा साधा तांदूळ चालतो. मिक्सरवरही साडेतीनाला एक पुरतं. वर मूठभर पोहे आणि चमचाभर हरभरा डाळ घातली की रंग छान येतो. तांदूळही बारीकच वाटायचा. घरोघरी पहिल्या दिवशी इडल्या आणि उरलेल्या पिठाचे दुसऱ्या दिवशी डोसे होतात, ते उत्तमच. त्यात पाव वाटीभर पाणी घालून पीठ सैल करायचं. मध्यम तव्यावरच्या एका डोशाला ६५-७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे वरच्या दीड किलोचे बावीस-तेवीस डोसे होतील.

आपली वाटी एकदा वजनकाट्यावर ठेवून तिच्यात किती ग्रॅम मावतात ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. उडदाचं नवं पाकीट फोडलं की पहिल्या वेळी तिनाला एक घ्या आणि थेंब पाण्यात सोडून पाहा. थेंब सहज तरंगला आणि इडली किंचित चिकट वाटली, तर पुढच्या वेळी अर्धी वाटी तांदूळ वाढवा.