बातमीत बोलते कोण ?

सकाळी वर्तमानपत्र हाती घेतले की आपण 'काय घडले' ते वाचतो. ते कोणी सांगितले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः वार्ताहर बहुधा घटनेच्या वेळी तेथे हजर नसतो. कोणीतरी त्याला सांगते आणि तो आपणांस सांगतो. या सांगणाऱ्यास वृत्तस्रोत असे म्हणतात. कोणत्या समाजाची माणसे बातमीत बोलतात आणि कोणती मुकी राहतात, हे मोजता येते. ते कसे, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

समजा, नदीला पूर आला आणि काठावरील मजुरांची वस्ती वाहून गेली. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत सात माणसे बोलतात : जिल्हाधिकारी, पाटबंधारे खात्याचे अभियंता, आमदार, पोलीस निरीक्षक, एक प्राध्यापक आणि वस्तीतील एक वृद्ध व एक स्त्री. मोजणारा एका कागदावर रकाने आखतो. प्रत्येक माणसाचे नाव दिले आहे काय, त्याचा हुद्दा कोणता, तो पुरुष की स्त्री, त्याच्या तोंडी किती शब्द आले आणि तो कोणत्या नात्याने बोलला, हे तो त्यांत भरतो.

नुसती माणसे मोजली तर सातांत दोन, म्हणजे वस्तीची उपेक्षा झाली असे वाटत नाही. आता शब्द मोजू. सर्वांच्या तोंडचे मिळून दोनशे शब्द असले आणि त्यांपैकी वस्तीतील दोघांचे अठरा असले, तर त्यांचा वाटा शेकडा नऊच भरतो. परंतु खरा उलगडा शेवटच्या रकान्यात होतो. बांध का फुटला हे अभियंता सांगतात; पुढे काय करणार हे जिल्हाधिकारी सांगतात. स्त्री एवढेच म्हणते, "आमचं सारं वाहून गेलं." वृद्ध मनुष्य चाळीस वर्षे त्याच काठावर राहिलेला आहे. कोणता ओहोळ केव्हा बुजविला गेला, हे त्याला ठाऊक असेल. पण ते त्याला कोणी विचारलेच नाही. बातमीने त्याला दुःखाचा साक्षीदार मानले, जाणकार मानले नाही.

जगातील मोजणीतही हेच दिसून आले आहे. 'ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट' या उपक्रमात 1995 साली 71 देशांतील स्वयंसेवकांनी एकाच दिवसाच्या बातम्या तपासल्या. बातम्यांत आलेल्या माणसांत स्त्रिया शेकडा 17 होत्या. ही मोजणी दर पाच वर्षांनी होत आली आहे. 2015 साली हे प्रमाण 24 झाले होते. मात्र त्या वर्षी स्वानुभव सांगणाऱ्यांत स्त्रिया शेकडा 38 होत्या, तर तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्यांत केवळ 19. स्त्रीला काय सोसले ते विचारतात. त्याचे कारण मात्र दुसऱ्याला विचारतात.

या मोजणीत चुकाही होतात. 'वस्तीतील लोक म्हणाले' या वाक्यात बोलणारा एक की पन्नास ? म्हणून असे निनावी समूह वेगळ्या रकान्यात लिहावे लागतात. आणि दुर्बलांचा आवाज बहुधा याच रकान्यात जाऊन पडतो. दुसरी अडचण जातीची. स्त्री की पुरुष हे नावावरून बहुधा कळते, पण आडनावावरून जात ओळखू गेल्यास फसगत होते. एकच आडनाव अनेक जातींत आढळते. बातमीत स्पष्ट उल्लेख नसेल तर 'अज्ञात' असेच लिहावे. यामुळे ज्यांच्यासाठी मोजणी करावी, तेच पुष्कळदा मोजणीतून निसटतात. यास्तव वस्ती, व्यवसाय आणि घटनेशी असलेला संबंध हे रकाने अधिक उपयोगी पडतात. तसेच दोघांनी एकमेकांस न विचारता तीच बातमी मोजावी. दोघांचे कागद जुळले नाहीत, तर नियम संदिग्ध आहेत असे समजावे.

आकडा कारण सांगत नाही, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. प्रत्येक वेळी वार्ताहराच्या मनात आकस असतो असे नाही. बातमी रात्री ठराविक वेळेच्या आत द्यावयाची असते. अधिकारी दूरध्वनीवर मिळतो आणि त्याचे निवेदन तयार असते. वस्तीपर्यंत चिखल तुडवीत जावे लागते. घाईची ही सवय रोज घडली की तिचाच पक्षपात होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' असे होते. मुकेपण हे मुक्यांचे वैगुण्य नसते, त्यांना बोलू न दिल्याची ती खूण असते, हे त्या नावातच सुचविले होते. काठावरच्या त्या वृद्धाला वाचा होती. त्याला फक्त 'बांध का फुटला ?' असे विचारावयास हवे होते. पुढचा बांध बांधताना त्याचे उत्तर उपयोगी पडले असते.