रीस्टार्ट केलं की चालतं, चौथ्या दिवशी पुन्हा बंद

वसतिगृहाचं इंटरनेट बिघडतं तेव्हा ते पूर्ण बंद पडत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास एक मुलगा तक्रार घेऊन येतो की एकही पान उघडत नाही. त्याच्याच खोलीतला दुसरा मुलगा मात्र मॅच बघत बसलेला असतो आणि त्याची मॅच अडकतही नाही. नेटवर्क सांभाळणारा माणूस आपल्या संगणकावर बघतो, तर दुपारी लावून ठेवलेला पिंग बिनचूक उत्तरं देतोय. दुसऱ्या खिडकीत नवा पिंग लावला तर उत्तर नाही. लाइनवर ताण नाही, गेटवेचा प्रोसेसर निवांत आहे, मेमरी मोकळी आहे. शेवटी वैतागून गेटवे रीस्टार्ट केला जातो. सगळं सुरळीत होतं, आणि मंगळवारी रात्री पुन्हा तेच.

गेटवे लिनक्सवर चालत असेल, तर `dmesg` दिल्यावर बहुतेक वेळा ही ओळ सापडते:

```
nf_conntrack: nf_conntrack: table full, dropping packet
```

ही ओळ किती वेळा दिसते यावरून नुकसानीचा अंदाज बांधू नये. एकच तक्रार लिहून लॉग भरून जाऊ नये म्हणून कर्नल अशा ओळींवर मर्यादा घालतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच सेकंदांत दहाच ओळी छापल्या जातात, बाकीच्या गिळल्या जातात. म्हणजे लॉगमध्ये दहा ओळी असल्या तरी फेकलेली पॅकेट हजारो असू शकतात. शिवाय ती नेटवर्क कार्डाच्या गळतीच्या आकड्यांत दिसत नाहीत, कारण कार्डाने ती नीट घेतलेलीच असतात. त्यांना पुढे कर्नलने अडवलेलं असतं.

भरलेलं हे टेबल म्हणजे कॉन्ट्रॅक, सगळ्या जोडण्यांची नोंदवही. वसतिगृहातले तीन हजार फोन आणि लॅपटॉप एकाच सार्वजनिक पत्त्यामागून बाहेर जातात. बाहेरून उत्तर आलं की ते नेमकं कुणाचं, हे गेटवेला कळायला हवं. म्हणून आतलं कोण, बाहेरचं कोण, कुठल्या पोर्टवरून बोलणं चाललंय, याची प्रत्येक जोडणीमागे एक नोंद केली जाते. नोंदींची कमाल संख्या `nf_conntrack_max` मध्ये ठरलेली असते. चार जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेल्या यंत्रावर ती साधारणपणे २,६२,१४४ असते.

वही भरली की काय होतं हे कळलं, की शुक्रवार रात्रीचं कोडं सुटतं. ज्याची नोंद आधीपासून आहे त्याच्या पॅकेटला नवी जागा लागत नाही, त्यामुळे मॅच चालू राहते आणि दुपारचा पिंगही चालू राहतो. नव्या जोडणीला मात्र जागा हवी असते. कर्नल आधी एखादी कच्ची नोंद काढून जागा करता येते का ते बघतो. कच्ची म्हणजे जिथे दोन्ही बाजूंचं बोलणं अजून पक्कं झालेलं नाही अशी. तशी सापडली नाही, तर नवं पॅकेट सरळ फेकून दिलं जातं. पाठवणाऱ्याला काहीच कळवलं जात नाही. फोन एक सेकंदाने पुन्हा प्रयत्न करतो, मग आणखी दोन सेकंदांनी, मग चार. मधेच एखादी जागा मोकळी झाली तर पान उघडतं. त्यामुळे लोक ‘नेट बंद आहे’ असं म्हणत नाहीत, ‘नेट स्लो आहे’ म्हणतात, आणि दोष ब्रॉडबँडवाल्यावर जातो. गेटवेवरूनच नवा पिंग लावला तर मात्र `sendmsg: Operation not permitted` असं उत्तर येऊ शकतं. फायरवॉलचे नियम कुणी बदललेले नसताना हे दिसलं, तर वहीकडे बघावं.

आता साधा हिशोब करू. आकडे मी धरलेले आहेत, पण अशा ठिकाणी अशक्य नाहीत. नोंदींची संख्या म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या नव्या जोडण्या गुणिले एक नोंद वहीत टिकते तितका वेळ. रात्री दर सेकंदाला डीएनएसचे हजार प्रश्न बाहेर जातात. उत्तर क्षणात येतं, पण नोंद ३० सेकंद राहते, म्हणून ३०,००० नोंदी. दर सेकंदाला ६०० टीसीपी जोडण्या उघडतात. त्या सरासरी २० सेकंद चालतात आणि बंद झाल्यावर `TIME_WAIT` म्हणून आणखी १२० सेकंद पडून राहतात, म्हणून ८४,०००. तीन हजार उपकरणांच्या प्रत्येकी दहा दीर्घकाळ उघड्या जोडण्या, म्हणजे आणखी ३०,०००. बेरीज १,४४,००० होते. मर्यादेच्या जेमतेम पंचावन्न टक्के. मग वही भरते कशाने?

भरते ती मेलेल्या जोडण्यांनी. विद्यार्थी फोन खिशात घालून वायफायच्या टप्प्याबाहेर जातो. त्याच्या फोनने उघडलेल्या जोडण्या रीतसर बंद होत नाहीत. पलीकडचा सर्व्हर कधीतरी निरोप देतो आणि बऱ्याच नोंदी त्यावर सुटतात. पण मधे ब्रॉडबँडवाल्याचा आणखी एक नॅट असेल आणि तो ती जोडणी आधीच विसरला असेल, किंवा सर्व्हरसमोरच्या लोड बॅलन्सरने ती गुपचूप सोडून दिली असेल, तर आपल्या गेटवेपर्यंत निरोप येतच नाही. गेटवे मात्र इमानदारीने वाट बघत राहतो. किती वेळ? लिनक्समध्ये उघड्या टीसीपी जोडणीचा मूळ ठरलेला काळ आहे ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस.

उपकरणामागे दिवसाला अशा दहाच नोंदी राहिल्या, तरी रोज ३०,००० साचतात. चौथ्या दिवशी त्या १,२०,००० होतात. खऱ्या कामाच्या १,४४,००० त्यांत मिळवा: २,६४,०००. मर्यादा ओलांडली. रीस्टार्टने वही कोरी होते, म्हणून चार दिवस शांततेत जातात. मंगळवार रात्रीचं गणित एवढंच आहे. दिवसा गर्दी कमी असते म्हणून त्रास रात्रीच होतो, आणि सकाळी तपासायला आलेल्या माणसाला सगळं ठणठणीत दिसतं.

हे प्रेतांचंच काम आहे की खरंच गर्दी वाढली आहे, हे ओळखायची खूण वहीतच असते. `conntrack -L` दिलं की अशा ओळी येतात:

```
tcp 6 252000 ESTABLISHED src=10.20.4.31 dst=203.0.113.40
 sport=51514 dport=443 src=203.0.113.40 dst=198.51.100.7
 sport=443 dport=51514 [ASSURED] mark=0 use=1
```

ही पडद्यावर एकच लांब ओळ असते, इथे तोडून दाखवली आहे. तिसरा आकडा बघा. नोंद पुसली जायला इतके सेकंद उरलेत. पॅकेट आलं-गेलं की हा आकडा पुन्हा ४,३२,००० वर जातो आणि तिथून खाली उतरू लागतो. इथे तो २,५२,००० आहे. फरक १,८०,००० सेकंदांचा, म्हणजे या जोडणीवर ५० तास कुणी अवाक्षर बोललेलं नाही. शेवटचा `[ASSURED]` हा शिक्का सांगतो की ही पक्की नोंद आहे, तेव्हा जागा करताना कर्नल तिला हात लावणार नाही. नव्या कर्नलमध्ये वही ९५ टक्क्यांपलीकडे भरली की बंद होत आलेल्या पक्क्या नोंदीही काढल्या जातात, पण `ESTABLISHED` ला तिथेही अभय आहे. परिणाम उलटाच होतो. नुकताच डीएनएसचा प्रश्न विचारलेल्या जिवंत फोनची कच्ची नोंद उडते आणि दोन दिवसांपूर्वी मेलेली पक्की नोंद टिकते. म्हणूनच कधी कधी वरची ओळ लॉगमध्ये येण्याआधीच ‘साइट सापडत नाही’ अशा तक्रारी सुरू होतात. त्या वेळी `conntrack -S` मध्ये `early_drop` चा आकडा वाढताना दिसतो.

दोन तासांहून जास्त काळ गप्प असलेल्या जोडण्या अशा मोजता येतात:

```
conntrack -L -p tcp --state ESTABLISHED | awk '$3 < 424800' | wc -l
```

हा आकडा एकूण नोंदींच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर असेल, तर नुसती मर्यादा वाढवणं म्हणजे मोठी वही आणून त्यात पुन्हा तीच नावं लिहिणं. आधी वेळ कमी करावी. पण किती? इथे उत्साहाच्या भरात लोक दहा मिनिटं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तासभर गप्प राहिलेली डेटाबेसची किंवा एसएसएचची जोडणी लटकते. २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये नॅटसाठी खालची सीमा दिलेली आहे: २ तास ४ मिनिटं. ती हवेतून आलेली नाही. गप्प जोडणी जिवंत आहे का हे तपासणारं टीसीपीचं कीपअलाइव्ह पॅकेट मूळ सेटिंगमध्ये दोन तासांनी जातं, आणि त्याच्या उत्तरासाठी वर चार मिनिटं. म्हणून:

```
sysctl -w net.netfilter.nf_conntrack_tcp_timeout_established=7440
```

आपल्या हिशोबात दिवसाला ३०,००० प्रेतं साचत होती. दोन तास चार मिनिटांत त्यांतली सुमारे २,६०० च साचतील. कुबरनेटिसचा क्यूब-प्रॉक्सी आपल्या नोडवर हाच काळ पाच दिवसांवरून एक दिवसावर आणून ठेवतो. वसतिगृहासारख्या ये-जा असलेल्या ठिकाणी मला तोही जास्त वाटतो.

एवढं करून लगेच मोजलं तर आकडा जवळपास तसाच दिसतो, आणि माणूस गोंधळतो. नवी वेळ लागू होते ती पुढचं पॅकेट आल्यावर. मेलेल्या जोडणीवर पुढचं पॅकेट कधीच येणार नाही, तेव्हा ती जुने पाच दिवस पुरे करूनच जाणार. सरसकट सगळ्या नोंदी पुसल्या तर चालू जोडण्यांनाही धक्का बसतो. त्यापेक्षा मला तात्पुरती मर्यादा ५,२४,२८८ करून पाच दिवस थांबणं बरं वाटतं. एका नोंदीला काहीशे बाइट लागतात, तेव्हा ही चैन दोनशे एमबीच्या आसपास पडते. मर्यादा कायमची वाढवायची असेल तर `nf_conntrack_buckets` ही वाढवावं, नाहीतर एकेका खणात नोंदींची रांग लांबते आणि प्रत्येक पॅकेटमागे शोधाशोध वाढते.

गप्प जोडण्या थोड्या निघाल्या आणि तरी वही भरत असेल, तर मात्र दुखणं वेगळं आहे. तेव्हा कुणाच्या पत्त्यावर किती नोंदी आहेत ते मोजावं. तीन हजारांत एकच लॅपटॉप हजारो `SYN_SENT` नोंदी घेऊन बसलेला असेल, तर तो बहुधा बाधित आहे आणि बाहेरची पोर्टं ठोठावत सुटलाय. त्यावर वेळ किंवा मर्यादा बदलून उपयोग नाही. त्याला तारेवरून उतरवावं लागतं.

राहिला एक बारकासा सापळा. वरच्या किमती `/etc/sysctl.d/` मध्ये लिहून ठेवल्या, तरी यंत्र सुरू होताना त्या लागू होत नाहीत असं काही ठिकाणी घडतं. किमती वाचल्या जातात तेव्हा कॉन्ट्रॅकचं मॉड्यूलच चढलेलं नसतं, ते पुढे फायरवॉलचे नियम लागताना चढतं आणि पाच दिवस घेऊनच येतं. `/etc/modules-load.d/` मधल्या एखाद्या फाइलीत `nf_conntrack` एवढी एक ओळ लिहिली की मॉड्यूल आधी चढतं. पुढच्या रीस्टार्टनंतर किंमत एकदा वाचून बघावी: ७४४० आलं तर काम झालं, ४३२००० आलं तर चौथ्या रात्री फोन वाजणार.