सोमवारची तिकिटं बुधवारी येतात तेव्हा

डेटा इंजिनिअरच्या मुलाखतीत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. रोज पहाटे आदल्या दिवसाचा हिशेब तयार करणारी यंत्रणा, म्हणजे पाइपलाइन, कशी आखाल? काही माहिती उशिरा येईल, काही दोनदा येईल, आणि काम मध्येच बंद पडलं तर ते पुन्हा चालवावं लागेल. उमेदवार बहुतेक वेळा लगेच फळ्याकडे वळतो, चौकोन काढतो आणि त्यांत काफ्का, स्पार्क, एअरफ्लो अशी नावं भरतो. समोर बसून हा प्रश्न विचारणाऱ्या मला त्या नावांवरून फारसं काही कळत नाही. हिशेबाचा आकडा कुठे आणि कसा चुकेल, हे त्याला दिसतंय का, एवढंच मी बघत असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शहराची बससेवा आहे. कंडक्टरच्या हातातलं मशीन तिकीट छापतं आणि नोंद स्वतःत साठवतं. नेटवर्क मिळालं की नोंदी मुख्य सर्व्हरकडे जातात, नाही तर मशीन आगारात जमा झाल्यावर जातात. रोज सकाळी सहा वाजता अधिकाऱ्यांना प्रत्येक मार्गाचं कालचं उत्पन्न हवं असतं.

मंगळवारी सकाळी अहवाल येतो: ६४ नंबरच्या मार्गाचं सोमवारचं उत्पन्न ४८,२०० रुपये. बुधवारी आगारात एक मशीन जमा होतं. सोमवारी त्याचं नेटवर्क गेलं होतं, त्यामुळे ते आता सोमवारची ३५ तिकिटं पाठवतं. प्रत्येक तिकीट वीस रुपयांचं, म्हणजे एकूण ७०० रुपये. यातली १० तिकिटं सोमवारीच सर्व्हरवर पोहोचली होती, पण ‘मिळाली’ असा उलट निरोप वाटेत हरवला. मशीनच्या दृष्टीने ती अजून जायचीच होती, म्हणून त्याने ती पुन्हा पाठवली. यात बिघाड कुठेच नाही. निरोप मिळेपर्यंत पाठवत राहणारं मशीनच भरवशाचं असतं, आणि तसं मशीन कधी ना कधी एकच गोष्ट दोनदा पाठवणार.

तेव्हा नवीन तिकिटं २५, म्हणजे ५०० रुपयांची. सोमवारचा खरा आकडा ४८,७००. आलेलं सगळं टेबलात मिळवत जाणारी पाइपलाइन ४८,९०० दाखवेल. तेच काम कोणी पुन्हा चालवलं, तर ४९,६००. आणि माहिती ज्या दिवशी आली त्याच दिवसाच्या खात्यात ती टाकली, तर सोमवार ४८,२०० वरच अडकेल आणि बुधवार ७०० रुपयांनी फुगेल. यांपैकी कोणत्याही वेळी पडद्यावर लाल अक्षरं उमटत नाहीत. काम ‘यशस्वी’ म्हणूनच संपतं.

चांगला उमेदवार इथे पहिली गोष्ट सांगतो ती दोन तारखांची. तिकीट फाटलं ती तारीख वेगळी आणि नोंद आपल्याकडे पोहोचली ती वेगळी. प्रत्येक ओळीवर दोन्ही हव्यात. उत्पन्न पहिल्या तारखेने मोजायचं, आणि आज नवीन काय आलं हे दुसरीने ओळखायचं. तारीख भारतीय वेळेची आहे ना, हेही बघावं लागतं. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल, तर आपल्याकडच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची तिकिटं आदल्या दिवसात जातात. पहाटेच्या पहिल्या बसगाड्यांचं उत्पन्न रोज थोडं सरकत राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट, आलेली कच्ची नोंद कधीही बदलायची वा पुसायची नाही. ती जशीच्या तशी ठेवायची आणि हिशेबाचं टेबल नेहमी तिच्यावरूनच बनवायचं. मग बुधवारचं काम असं होतं: आज आलेल्या नोंदींमध्ये विक्रीच्या कोणकोणत्या तारखा आहेत ते शोधा, आणि त्या प्रत्येक दिवसाचा हिशेब मुळापासून पुन्हा करा. काही जण दररोज सरसकट मागचे तीन दिवस पुन्हा मोजतात. ते सोपं आहे, पण चौथ्या दिवशी आलेलं मशीन त्यातून निसटतं.

एका दिवसाचा हिशेब करणारा भाग साधारण असा असतो:

```sql
BEGIN;
DELETE FROM daily_tickets WHERE sale_date = :d;
INSERT INTO daily_tickets
SELECT sale_date, machine_id, ticket_no, route, fare
FROM (
  SELECT r.*, ROW_NUMBER() OVER (
    PARTITION BY machine_id, ticket_no
    ORDER BY received_at DESC) AS rn
  FROM raw_tickets r
  WHERE sale_date = :d) t
WHERE rn = 1;
COMMIT;
```

त्या दिवसाच्या जुन्या ओळी काढल्या आणि कच्च्या नोंदींवरून नव्या घातल्या. मशीनचा क्रमांक आणि तिकिटाचा क्रमांक सारखाच असेल, तर शेवटी आलेली एकच ओळ घेतली. काढणं आणि घालणं एकाच व्यवहारात बांधलेलं असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी टेबल अर्धवट राहत नाही, जुनं तसंच शिल्लक राहतं. हे एकदा चालवा की दहादा, कच्च्या नोंदी त्याच असतील तर सोमवार ४८,७०० वरच राहतो.

मी मग विचारतो, दुबार ओळी फक्त आज आलेल्या गठ्ठ्यात शोधल्या तर? ती दहा तिकिटं एकदा सोमवारी आणि एकदा बुधवारी आली आहेत. एकट्या बुधवारच्या गठ्ठ्यात ती दुबार दिसतच नाहीत. उशीर आणि दुबारपणा हे इथे एकाच घटनेचे दोन परिणाम आहेत, आणि विक्रीच्या तारखेच्या सगळ्या नोंदी एकत्र पाहिल्या तरच ते एकत्र सुटतात.

पुन्हा चालवण्यातला सर्वांत लबाड दोष मात्र वेगळ्याच जागी असतो. कोडमध्ये कुठेतरी ‘आजची तारीख’ असा उल्लेख असला, तर सोमवारचं काम शुक्रवारी पुन्हा चालवताना ते गुरुवारचा हिशेब करतं. म्हणून तारीख बाहेरून द्यायची, वरच्या `:d` सारखी. एअरफ्लोसारखी वेळापत्रकाची साधनं प्रत्येक कामाला ती देतातच. ‘आज’ मागच्या दाराने शिरतो तो मार्गांच्या यादीतून. गेल्या महिन्यात ६४ नंबरचा मार्ग दुसऱ्या आगाराकडे गेला असेल आणि आपण आजची यादी जोडली, तर जुन्या दिवसांचं उत्पन्न नव्या आगाराच्या नावावर पडतं. त्या यादीच्याही तारीखवार प्रती जपाव्या लागतात.

आकडा अजून अपुरा आहे हे ओळखायला तिकिटांचे क्रमांकच उपयोगी पडतात. एका मशीनचं सोमवारचं पहिलं तिकीट १२०१ आणि शेवटचं १४००, पण हाती ओळी १६५, म्हणजे ३५ यायच्या आहेत. अर्थात अगदी शेवटची तिकिटं राहिली असतील तर ही फट दिसत नाही. तेव्हा कंडक्टरने भरलेल्या रोख रकमेशी ताळा घालावा लागतो. घड्याळ बिघडलेल्या मशीनकडून पुढच्या वर्षाची तारीख आली, तर ती नोंद वेगळ्या टेबलात बाजूला काढून माणसाने पाहायची.

किती दिवस थांबायचं, हे मात्र इंजिनिअर एकटा ठरवू शकत नाही. महिन्याचा हिशेब लेखा विभागाने बंद केल्यावर आलेलं तिकीट जुन्या आकड्यात गुपचूप मिसळलं, तर सही झालेला कागद आणि टेबल जुळत नाहीत. अशी रक्कम चालू महिन्यात ‘मागील दुरुस्ती’ म्हणून वेगळी दाखवणं मला योग्य वाटतं. हा प्रश्न जो उमेदवार आपणहून विचारतो, त्याने असं काम खरोखर केलेलं असतं.

शेवटी मी तीन महिन्यांचा हिशेब पुन्हा करायला सांगतो. प्रत्येक दिवस स्वतंत्र असल्यामुळे नव्वद दिवस कोणत्याही क्रमाने, एकाच वेळी दहा-दहा करूनही चालवता येतात. पण मासिक पासाची उरलेली रक्कम आदल्या दिवसाच्या उरलेल्या रकमेवरून काढली जात असेल, तर ही मोकळीक संपते. तो भाग पहिल्या तारखेपासून ओळीने, एकामागून एकच चालवावा लागतो.