नित्याचे विज्ञान : घामाचा हिशेब

मे महिन्यात माणिकपुरात पहाटे तापमान २७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असावी, दुपारी तीच आर्द्रता ६० टक्क्यांवर उतरावी, आणि तरीही ३४ अंशांच्या त्या दुपारी अंगातला सदरा पाठीला चिकटून जीव कासावीस व्हावा, हे कोडे वाचकांच्या अनुभवाचे असेल.

याचे इंगित ‘सापेक्ष’ या शब्दात आहे. हवा ही जणू तापेल तशी मोठी होणारी घागर असून, ती किती भरली एवढेच टक्केवारी सांगते, आत पाणी किती हे सांगत नाही. वरील उदाहरणात वाफ दोन्ही वेळी जवळजवळ तेवढीच आहे. मोठी झाली ती घागर.

घाम वाळताना देहाची उष्णता घेऊन जातो. परंतु हवेत आधीच वाफ दाटलेली असली, की तो वाळण्याऐवजी नुसता ओघळतो. ही अडचण अंशांत मांडणारा आकडा म्हणजे उष्णता निर्देशांक. माणिकपूरच्या त्या दुपारी तो सुमारे ४२ भरतो, तर ४२ अंशांच्या परंतु १५ टक्केच आर्द्रता असलेल्या नागपुरी दुपारी तो सुमारे ४१!

मात्र हा हिशेब सावलीतला आणि मंद वाऱ्यातला असतो. भर उन्हात तो आणखी ८ अंशांपर्यंत चढू शकतो. शिवाय तापमानाबरोबर आर्द्रतेची टक्केवारीही बदलते, म्हणून पहाटेची आर्द्रता दुपारच्या तापमानाशी कधीही जोडू नये. दोन्ही आकडे एकाच प्रहराचे घ्यावेत.