तोटा झाला की लॉट दुप्पट? हे गणित शेवटी खातं का रिकामं करतं, समजून घ्या

ऑप्शन ट्रेडिंगमध्ये सलग दोन-तीन सौदे चुकले की अनेकजण पुढच्या सौद्यात लॉट दुप्पट करतात. 'एकदा जिंकलो की सगळं वसूल' हा त्यामागचा हिशेब. या पद्धतीला मार्टिंगेल म्हणतात. जुगारात ती शेकडो वर्षांपासून वापरली जाते.

नेमकं काय होतं?

समजा, खात्यात १ लाख रुपये आहेत. प्रत्येक सौद्यात जिंकण्याची शक्यता निम्मी आहे आणि जितकी रक्कम लावली तितकाच नफा किंवा तोटा होतो. पहिला सौदा १ हजाराचा. हरल्यावर २ हजार, मग ४, ८, १६ आणि ३२ हजार. सलग सहा वेळा हरल्यास ६३ हजार गेले. सातव्या सौद्याला ६४ हजार हवेत, पण खात्यात उरले ३७ हजार. पद्धत इथेच थांबते.

मधला कुठलाही सौदा जिंकला असता, तरी हाती निव्वळ नफा आला असता फक्त १ हजार.

सलग सहा वेळा कोण हरतं?

एका फेरीत असं होण्याची शक्यता ६४ मध्ये १ आहे. म्हणजे सरासरी ६३ फेऱ्यांत मिळून ६३ हजार मिळतात आणि एका फेरीत तेवढेच जातात. त्यातून ब्रोकरेज आणि कर वजा केले की तोटाच उरतो. शिवाय २०० सौदे केले, तर त्यात कधीतरी सलग सहा पराभव येण्याची शक्यता जवळपास ८० टक्के असते.

फसवणूक इथेच होते. ९८ टक्के फेऱ्या नफ्यात संपत असल्याने स्क्रीनशॉट हिरवेगार दिसतात.

अँटी-मार्टिंगेल म्हणजे काय?

यात उलट करतात. तोट्यानंतर रक्कम कमी, नफ्यानंतर जास्त. सोपा प्रकार म्हणजे दरवेळी शिल्लक भांडवलाच्या १ टक्काच धोक्यात घालायचा. पहिला तोटा १,००० चा, दुसरा ९९० चा. सहा पराभवांनंतरही सुमारे ९४,१५० रुपये उरतात. मूळ रक्कम परत मिळवायला साधारण ६.२ टक्के नफा पुरतो. मार्टिंगेलवाल्याला ३७ हजारांवरून परत १ लाखावर यायला १७० टक्के लागतात.

मग यात नफा नक्की का?

नाही. सौदे निवडण्याची पद्धतच तोट्याची असेल, तर १ टक्क्याच्या नियमानेही पैसे जातात, फक्त हळूहळू. पण चूक लक्षात येईपर्यंत खातं शिल्लक राहतं. प्रत्येक विजयानंतर सगळा नफा पुन्हा लावला, तर मात्र एकाच पराभवात तो पुसला जातो.

कसं ओळखायचं?

शेवटच्या ५० सौद्यांची यादी काढा. तोट्यातल्या सौद्यानंतरचा लॉट वारंवार मोठा दिसत असेल आणि एकच तोटा कित्येक नफे गिळत असेल, तर ते मार्टिंगेलच आहे.